कॅथोडला काय, ॲनोडला काय? विद्युत अपघटनाचे पोरं दरवर्षी विचारतात ते प्रश्न, एका ओळीच्या कारणासकट

सर, सगळं पाठ आहे तरी उत्तर चुकतं. नेमकं चुकतं कुठं?

पाण्यात. अगदी खरं सांगतो, दहातले आठ जण पाणी विसरतात. मिठाचं द्रावण दिलं की लगेच लिहून मोकळे, कॅथोडला सोडियम, ॲनोडला क्लोरीन. अरे पण ग्लासात मीठ किती आणि पाणी किती ते तरी बघा ना भो, पाणी तिथं नुसतं बसायला आलेलं नाहीये, ते पण उमेदवार आहे, आणि दोन्हीकडून उभं आहे. कॅथोडला पाणी इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन देऊ शकतं, ॲनोडला पाणी इलेक्ट्रॉन देऊन ऑक्सिजन देऊ शकतं. म्हणून प्रत्येक गणितात आधी चार नावं लिहायची सवय लावा: धन आयन, ऋण आयन, आणि पाणी दोनदा. मग कॅथोडला धन आयन विरुद्ध पाणी, ॲनोडला ऋण आयन विरुद्ध पाणी. एवढ्या दोन कुस्त्या लावल्या की काम झालं. इलेक्ट्रोड स्वतः तांब्याचा, चांदीचा, लोखंडाचा असेल तर ॲनोडला तिसरा पैलवान येतो, ते खाली सांगतो.

कॅथोड म्हणजे ऋणाग्र की धनाग्र? दरवेळी गोंधळ होतो.

विद्युत अपघटनात कॅथोड म्हणजे ऋणाग्र, बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला. गोंधळ होतो कारण सेलच्या धड्यात चिन्हं उलटी असतात. चिन्ह सोडा, काम लक्षात ठेवा: कॅथोडला इलेक्ट्रॉन घेतले जातात, ॲनोडला दिले जातात, हे दोन्ही धड्यांत सारखंच आहे.

कॅथोडला कोण जिंकतं ते एका नजरेत कसं ओळखायचं?

ज्याला इलेक्ट्रॉन जास्त सहज घेता येतात तो. म्हणजे प्रमाण क्षपण विभवाचा आकडा ज्याचा वर (जास्त धन) तो. चांदीचा अधिक ०.८०, तांब्याचा अधिक ०.३४, हे पाण्याच्या पार वर आहेत, म्हणून चांदी नाहीतर तांबं असेल तर धातूच बसणार. सोडियम उणे २.७१, पोटॅशियम उणे २.९३, ॲल्युमिनियम उणे १.६६, हे पाण्याच्या पार खाली, म्हणून यांच्या द्रावणात कॅथोडला हायड्रोजनच निघणार, कितीही मोठी बॅटरी लावा. मधले जस्त, लोखंड, निकेल वगैरे जरा वादाचे आहेत, जस्ताचा वाद खाली वेगळा घेतलाय.

आपल्याकडे शेतात हे रोज दिसतं खरं तर. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करतात तेव्हा जुनी माणसं त्यात विळा नाहीतर लोखंडी खिळा बुडवून बघतात, तांबूस झाला की म्हणतात चुना कमी पडला, अजून टाक. ते तांबूस म्हणजे खरंखुरं तांबं. द्रावणात मोकळे Cu²⁺ उरलेत आणि त्यांना इलेक्ट्रॉनची इतकी ओढ आहे की बॅटरी नसताना लोखंडाकडून ओढून घेतात. जो बॅटरीशिवाय घेतो तो बॅटरी असल्यावर पाण्याला पुढे जाऊ देईल का?

आणि ॲनोडला?

तिथं उलटं, ज्याला इलेक्ट्रॉन सोडायला सोपं जातं तो जिंकतो. आयोडाइडचा आकडा ०.५४, ब्रोमाइड १.०९, पाणी १.२३, क्लोराइड १.३६, फ्लोराइड २.८७. आकडा जितका कमी तितकं सोडायला सोपं. सल्फेट आणि नायट्रेट यांच्याकडून अपेक्षाच ठेवू नका, त्यांच्यातला सल्फर नि नायट्रोजन आधीच शेवटच्या पायरीवर उभा आहे, त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही. म्हणून सल्फेट-नायट्रेट दिसलं आणि इलेक्ट्रोड ग्राफाइटचा नाहीतर प्लॅटिनमचा असला की ॲनोडला डोळे झाकून ऑक्सिजन.

या यादीत एकच गोष्ट खटकायला पाहिजे तुम्हाला. पाणी १.२३ आणि क्लोराइड १.३६, म्हणजे यादीप्रमाणे मिठाच्या पाण्यात ऑक्सिजन यायला हवा. येतो क्लोरीन. खटकलं नसेल तर परत वाचा, कारण सगळ्यात जास्त मार्क इथंच जातात, त्यासाठी पुढे मोठा प्रश्न ठेवलाय.

एका ओळीचं कारण कसं लिहायचं? मी अर्धं पान लिहिते आणि सर दोनच मार्क देतात.

मग दोन मार्काचाच प्रश्न होता तो, ताई. कारणात दोन्ही उमेदवारांची नावं आली पाहिजेत आणि कोण का जिंकला ते आलं पाहिजे, बस. "तांबं जमा होतं कारण Cu²⁺ चं क्षपण पाण्यापेक्षा सोपं आहे." हे पूर्ण उत्तर झालं. "कारण तांबं धन आयन आहे म्हणून ऋणाग्राकडे जातं" हे कारणच नाही, कारण सोडियम पण धन आयन आहे, तो पण तिकडेच जातो, पण जमा होत नाही. आयन कुठल्या इलेक्ट्रोडकडे सरकतो आणि तिथं प्रत्यक्षात कोण बदलतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिठाच्या द्रावणात Na⁺ कॅथोडकडे सरकतो खरा, पण तिथं उभाच राहतो, इलेक्ट्रॉन पाणी घेऊन जातं, आणि पाण्यातून सुटलेल्या OH⁻ सोबत तो सोडियम हायड्रॉक्साइड म्हणून द्रावणात राहतो.

मोरचूदाचं द्रावण, ग्राफाइट इलेक्ट्रोड, पूर्ण करून दाखवा.

चला. उमेदवार: Cu²⁺, SO₄²⁻, पाणी, पाणी.

कॅथोड: Cu²⁺ (०.३४) विरुद्ध पाणी. तांबं जिंकलं. Cu²⁺ + 2e⁻ → Cu. कारण: Cu²⁺ चं क्षपण पाण्यापेक्षा सोपं.

ॲनोड: सल्फेट विरुद्ध पाणी. पाणी जिंकलं. 2H₂O → O₂ + 4H⁺ + 4e⁻. कारण: सल्फेटचं ऑक्सिडेशन पाण्यापेक्षा फार अवघड.

आता तिसरी ओळ, जी कोणी लिहीत नाही आणि परीक्षक मुद्दाम विचारतात: द्रावणाचं काय झालं? तांबं बाहेर गेलं, H⁺ आत आले, सल्फेट होतं तिथंच आहे. म्हणजे निळा रंग फिका होत जातो आणि ग्लासात हळूहळू सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं.

"फिका होतो" यावर गेल्या वर्षी आमच्या क्लासमध्ये भांडण झालं होतं. एका पोरानं घरी प्रयोग केला, अर्धा तास बसला, रंग जसाच्या तसा, दुसऱ्या दिवशी येऊन म्हणे पुस्तक खोटं आहे. मी म्हटलं हिशोब करू मग ठरवू. त्यानं २०० मिली पाण्यात दोन चमचे मोरचूद टाकला होता, साधारण १० ग्रॅम धरा. मोरचूदाचा एक मोल २५० ग्रॅमचा, म्हणजे ०.०४ मोल, त्यातलं तांबं अडीच ग्रॅम. करंट समजा ०.२ अँपिअर मिळाला, तासाभरात ७२० कूलोम, भागिले ९६५००, म्हणजे ०.००७५ मोल इलेक्ट्रॉन, तांब्याला दोन लागतात म्हणून ०.००३७ मोल तांबं, वजनात पाव ग्रॅमच्या जरा आतच. अडीच ग्रॅममधलं पाव ग्रॅम एका तासात! म्हणजे सगळा रंग जायला दहा तासांच्या वर लागतील, आणि द्रावण विरळ होत गेलं की अजून हळू. अर्ध्या तासात डोळ्याला काय दिसणार? पुस्तक खरंच होतं, पोराकडे वेळ कमी होता. रंग जाताना बघायचाच असेल तर चिमूटभर मोरचूद घ्या, अगदी फिकट निळं द्रावण करा, मग फरक दिसतो.

मी तेच केलं तर कॅथोडला बुडबुडे आले आणि तांबूस ऐवजी काळपट चिखल जमला. मग हायड्रोजन लिहू का?

नको, पेपरात तांबंच लिहा. पण तुम्हाला जे दिसलं ते पण खरं आहे. तुम्ही नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली असणार नाहीतर द्रावण फार विरळ असणार. कॅथोडच्या अगदी अंगाला लागून असलेले Cu²⁺ भराभर संपतात आणि लांबचे तिथं पोचायला वेळ लागतो, एसटी स्टँडवर गाडी भरून गेली आणि पुढची गर्दी अजून फाट्यावरच आहे असं समजा. पण बॅटरी तर इलेक्ट्रॉन ढकलतेच आहे, मग ते पाणी घेतं, हायड्रोजन निघतो, आणि जे तांबं बसतं ते घाईघाईत भुसभुशीत बसतं म्हणून काळपट दिसतं. घड्याळाचे दोन सेल मालिकेत लावून म्हणजे ३ व्होल्टवर करा, अधूनमधून हलवा, छान गुलाबी-तांबूस थर येतो.

आणि एक, कॅथोड म्हणून लोखंडी खिळा अजिबात घेऊ नका. वरचा विळा आठवा, बॅटरी न लावता पण त्यावर तांबं चढतं, मग तुमचा प्रयोग नक्की कशानं झाला ते कळणारच नाही. ओळखायचं असेल तर तार काढून नुसता खिळा बुडवून दोन मिनिटं बघा.

इलेक्ट्रोड तांब्याचेच घेतले तर उत्तर बदलतं म्हणे?

कॅथोडचं नाही, ॲनोडचं बदलतं. आता ॲनोडला तीन उमेदवार, सल्फेट, पाणी आणि इलेक्ट्रोड स्वतः. तांब्याला इलेक्ट्रॉन सोडायला ०.३४ पुरतात, पाण्याला १.२३, मग तांबंच विरघळतं: Cu → Cu²⁺ + 2e⁻. ऑक्सिजन येत नाही, बुडबुडा नाही. कारण एका ओळीत: तांब्याच्या ॲनोडचं ऑक्सिडेशन पाण्यापेक्षा सोपं.

इथं रंग फिका होत नाही, कारण जितकं तांबं एका बाजूला बसतं तितकंच दुसऱ्या बाजूनं येतं. ॲनोडचं वजन घटलं तेवढंच कॅथोडचं वाढतं. अशुद्ध तांबं ॲनोडला लावून शुद्ध करतात ते याच जोरावर, आणि त्यातली चांदी नि सोनं तांब्याइतक्या सहज इलेक्ट्रॉन सोडत नाही म्हणून ते न विरघळता खाली गाळ होऊन बसतं. जळगावच्या सराफ बाजारातल्या माणसाला हा गाळ म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्नात "तांब्याचे इलेक्ट्रोड" हे दोन शब्द असतात आणि घाईत वाचताना तेच सुटतात. पेन्सिलनं गोल करत जा.

आता मिठाचं पाणी. क्लोरीन का? आकड्याप्रमाणे तर ऑक्सिजन यायला पाहिजे.

बरोबर पकडलं. कॅथोडचं आधी उरकू: Na⁺ उणे २.७१, पाणी जिंकतं, 2H₂O + 2e⁻ → H₂ + 2OH⁻. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले असतील तर कॅथोडभोवती गुलाबी ढग पसरतो, फार सुंदर दिसतो.

ॲनोडला बघा, आकडा सांगतो की पाणी सोपं. पण विभवाचा आकडा फक्त एवढंच सांगतो की चढ किती उंच आहे, रस्ता कसा आहे ते सांगत नाही. क्लोरीन बनायला दोन क्लोराइडनी एकेक इलेक्ट्रॉन सोडला आणि जोडी जमवली की झालं. ऑक्सिजनच्या एका रेणूला दोन पाण्याचे रेणू मोडावे लागतात, चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढावे लागतात, चार H⁺ सुटतात आणि मग दोन ऑक्सिजन एकमेकांना धरतात. हे काम इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर फार रखडत चालतं, आणि ते वेगात चालवायला आकड्यापेक्षा बराच जास्त व्होल्टेज द्यावा लागतो. त्या जास्तीच्या व्होल्टेजला अधिविभव म्हणतात, क्लासमध्ये सगळे ओव्हरव्होल्टेजच म्हणतात. क्लोरीनला तो थोडाच लागतो. आकड्यातला फरक जेमतेम ०.१३ चा, ओव्हरव्होल्टेज धरला की क्लोरीन पुढे निघून जातो.

एका ओळीत असं लिहा: "ऑक्सिजनचं ओव्हरव्होल्टेज जास्त असल्यामुळे दाट द्रावणात Cl⁻ चं ऑक्सिडेशन आधी होतं." पूर्ण मार्क.

सगळं मिळून 2NaCl + 2H₂O → 2NaOH + H₂ + Cl₂. द्रावणात शेवटी कॉस्टिक सोडा उरतो.

"दाट" वर एवढा जोर का? विरळ मिठाला वेगळं उत्तर?

हो, आणि हे प्रश्नकर्त्यांचं आवडतं खुसपट आहे. १.३६ हा आकडा क्लोराइड भरपूर असतानाचा आहे. मीठ कमी केलं की क्लोराइडला इलेक्ट्रॉन सोडणं अजून अवघड होतं, वर ॲनोडजवळ तो पोचायलाही उशीर, पण पाणी तर आहे तेवढंच आहे. म्हणून अगदी विरळ द्रावणात ऑक्सिजन जास्त निघायला लागतो. मध्ये कुठं तरी दोघंही मिसळून येतात, अशी कुठलीही कडक रेघ नाहीये की इथपर्यंत क्लोरीन आणि इथून ऑक्सिजन. पेपरात "विरळ" शब्द असेल तर ऑक्सिजन लिहा, "दाट", "संतृप्त", "ब्राइन" असेल तर क्लोरीन, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर क्लोरीन लिहून कारणात "दाट द्रावण धरून" असं जोडा. हायड्रोक्लोरिक ॲसिडला पण हेच लागू, दाट असेल तर क्लोरीन, फार विरळ असेल तर ऑक्सिजन, कॅथोडला दोन्ही वेळा हायड्रोजन.

ग्लासात काय आलं ते ओळखायचं तर ओला निळा लिटमस ॲनोडजवळ धरा. क्लोरीन असेल तर आधी लाल होतो आणि मग पांढरा पडतो. नुसता लाल होऊन थांबला तर क्लोरीन म्हणू नका, पाण्यातून ऑक्सिजन निघताना ॲनोडजवळ H⁺ जमतातच, त्या द्रावणाचा शिंतोडा लागला तरी तो लाल होतो. पांढरा पडणं ही खरी खूण.

पोटॅशियम आयोडाइड आणि ब्रोमाइड?

हे सोपे, इथं आकडा आणि प्रत्यक्ष दोन्ही एका बाजूला. आयोडाइड: ॲनोडला आयोडीन, तपकिरी रंग उतरतो, पिठाचं पाणी टाकलं तर निळंकाळं, कारण I⁻ चं ऑक्सिडेशन पाण्यापेक्षा सोपं. ब्रोमाइड: ब्रोमीन, पिवळट-तपकिरी, कारण तेच. कॅथोडला दोन्हीकडे हायड्रोजन आणि गुलाबी ढग, कारण K⁺ चं क्षपण पाण्यापेक्षा फार अवघड. फ्लोराइड दिलं तर मात्र उलटं, २.८७ चा डोंगर आहे तो, ओव्हरव्होल्टेज मध्ये आणून पण फ्लोराइड जिंकत नाही, ऑक्सिजनच.

सोडियम सल्फेट, सल्फ्युरिक ॲसिड, कॉस्टिक सोडा, सगळ्यांचं उत्तर एकच कसं?

कारण तिघांतही खरं अपघटन पाण्याचंच होतं, बाकीचे फक्त करंट वाहायला मदत करतात. कॅथोडला हायड्रोजन, ॲनोडला ऑक्सिजन, आकारमान दोनास एक. प्रत्यक्ष मोजलं तर ऑक्सिजन अर्ध्याहून जरा कमीच भरतो कारण तो पाण्यात हायड्रोजनपेक्षा थोडा जास्त विरघळतो, तेव्हा नळीत ४० ला १९ आलं तर नळीला दोष देऊ नका.

फरक दिसतो तो सोडियम सल्फेटमध्ये आणि तो मजेशीर आहे. सूचक टाकला तर कॅथोडला आम्लारीचा रंग, ॲनोडला आम्लाचा, आणि शेवटी ग्लास हलवला की दोन्ही एकमेकांना खातात, द्रावण परत उदासीन.

चांदीचं नायट्रेट?

ग्राफाइट असेल तर कॅथोडला चांदी, ॲनोडला ऑक्सिजन, कारणं मोरचूदासारखीच. ॲनोड चांदीचा असेल तर तो विरघळतो. मुलामा चढवायचा प्रश्न आला की ज्यावर चढवायचं ती वस्तू कॅथोडला, ज्याचा थर चढवायचा तो धातू ॲनोडला.

झिंक सल्फेटला आमच्या दोन गाइडमध्ये दोन उत्तरं आहेत. कोण खरं?

हा वाद मी दरवर्षी ऐकतो. जस्ताचा आकडा उणे ०.७६. आता पाण्याचा कुठला आकडा घेता यावर खेळ आहे. तक्त्यात पाण्यासमोर उणे ०.८३ लिहिलेलं असतं, तो घेतला तर जस्त वर, जस्त जिंकलं. पण तो आकडा द्रावण कडक आम्लारी असतानाचा आहे, सामू १४ चा. उदासीन पाण्यात तोच आकडा उणे ०.४१ होतो, मग जस्त खाली जातं आणि हायड्रोजन जिंकतो. दोन्ही गाइडवाल्यांनी गणित बरोबर केलंय, आकडा वेगवेगळा उचललाय.

प्रत्यक्षात काय होतं? जस्तच बसतं. जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन निघायला फार अवघड जातं, म्हणजे तिथं पण ओव्हरव्होल्टेज, या वेळी हायड्रोजनचं. जस्त तयार करणारे कारखाने आम्लयुक्त झिंक सल्फेटच्या द्रावणातूनच जस्त काढतात, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर थर बसवून मग सोलून घेतात. पण द्रावण आधी खूप स्वच्छ करावं लागतं, निकेल-कोबाल्टसारख्या धातूंचा अंश राहिला तर त्या जागी हायड्रोजन सहज निघायला लागतो आणि बसलेलं जस्त परत विरघळतं. म्हणजे हे जिंकणं नाजूक आहे.

पेपरात: प्रश्नात आकडे दिले असतील तर त्या आकड्यांप्रमाणे लिहा. नसतील तर जस्त, आणि कारण "जस्तावर हायड्रोजनचं ओव्हरव्होल्टेज जास्त".

वितळलेलं मीठ आणि मिठाचं द्रावण यात एवढा फरक का पडतो?

वितळलेल्यात पाणीच नाही, मग कुस्ती कोणाशी? जो आहे तोच जिंकतो: कॅथोडला सोडियम, ॲनोडला क्लोरीन. हंफ्री डेव्हीला हे १८०७ मध्ये अनुभवानं कळलं. त्यानं आधी पोटॅशचं पाण्यातलं द्रावण घेतलं, जोरदार बॅटरी लावली, आणि हाती आला फक्त हायड्रोजन नि ऑक्सिजन. मग त्यानं पाणी बाजूला काढलं, जवळजवळ कोरडं पोटॅश, नुसतं जरासं ओलसर, त्यातून करंट सोडला, ते वितळलं आणि ऋण टोकाला चकाकणारे गोळे दिसले, पोटॅशियमचे. थोड्याच दिवसांत सोडियम पण. म्हणजे पाणी विसरल्याची चूक डेव्हीला पण भोवली होती, फक्त त्याचे मार्क कापायला कोणी नव्हतं.

एकाच ग्लासात मोरचूद आणि झिंक सल्फेट दोन्ही असतील तर?

आधी तांबं, कारण ०.३४ सगळ्यात वर. ते जवळजवळ संपलं की मग जस्ताची पाळी. करंट फार वाढवला तर रांग मोडते आणि दोन्ही मिसळून बसतात.

घरी करायचं तर काय घ्यायचं आणि काय नाही?

दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली, घड्याळाचे दोन-तीन सेल, ग्लास, तारा. पेन्सिलीच्या ॲनोडमधून काळे कण सुटतात, ग्राफाइट थोडं झिजतं, घाबरू नका, ते उत्पादन नाही.

खिळे ॲनोडला नको. मिठाच्या पाण्यात खिळा लावला की क्लोरीन येण्याऐवजी लोखंडच विरघळतं आणि पाच मिनिटांत हिरवट, मग तपकिरी गाळ. पोरं फोटो काढून पाठवतात, "सर पाणी घाण होतं म्हणून असं झालं का", नाही रे बाबा, तुझा खिळा गेला त्यात. असा गाळ दाखवून फिल्टर विकणारे पण असतात, तेच लोखंडी इलेक्ट्रोड आणि तीच युक्ती. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त म्हणून करंट जास्त, म्हणून गाळ जास्त, एवढंच. स्टीलचे चमचे तर अजिबात नको, त्यातला क्रोमियम द्रावणात उतरतो आणि तो विषारी असू शकतो.

मिठाचा प्रयोग गच्चीवर किंवा खिडकी उघडून करा, दोन-चार मिनिटं पुरे, वास आला की तार काढा, नाक लावून खात्री करायची नाही. एप्रिलमध्ये पंख्यासाठी दारं-खिडक्या लावून बसायची सवय असते आपल्याकडे, त्या खोलीत तर नकोच. आणि भिंतीतल्या प्लगला काहीही जोडायचं नाही.

सरावाला काही द्या, उत्तरासकट.

कागद झाकून करा, मग बघा. इलेक्ट्रोड सांगितला नसेल तिथं ग्राफाइट धरा.

कॉपर क्लोराइड, दाट. कॅथोडला तांबं, Cu²⁺ पाण्यापेक्षा सहज इलेक्ट्रॉन घेतो. ॲनोडला क्लोरीन, ऑक्सिजनचं ओव्हरव्होल्टेज जास्त.

पोटॅशियम नायट्रेट. कॅथोडला हायड्रोजन, K⁺ चं क्षपण पाण्यापेक्षा फार अवघड. ॲनोडला ऑक्सिजन, नायट्रेटकडे सोडायला काही नाही.

मॅग्नेशियम ब्रोमाइड. कॅथोडला हायड्रोजन, Mg²⁺ पाण्याच्या पार खाली, आणि OH⁻ सुटल्यामुळे तिथं पांढरा गढूळपणा येतो, ते मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, धातू समजू नका. ॲनोडला ब्रोमीन, Br⁻ पाण्यापेक्षा सोपा.

चांदीचं नायट्रेट, इलेक्ट्रोड तांब्याचे. हा चकवा आहे. कॅथोडला चांदी, ॲनोडला तांबं विरघळतं कारण ते पाण्यापेक्षा सोपं, द्रावण हळूहळू निळसर. पण विळ्याची गोष्ट आठवत असेल तर तुम्ही विचाराल की बॅटरी लावायच्या आधीच तांब्यावर चांदी चढणार नाही का? चढते. दोन्ही इलेक्ट्रोडवर चढते. ज्यानं हे विचारलं त्याला आमच्याकडे शेवभाजी.